चालताना आणि जेवताना लक्ष नेमके कुठे ठेवावे?

प्रश्न : रोज सकाळी वीस मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊन बसतो, ते बऱ्यापैकी जमते. पण चालताना लक्ष पावलांवर नेले की चालच अवघडते, आणि जेवताना दोन-तीन घासांनंतर मन कुठे जाते ते कळत नाही. चालणे आणि जेवणे सजगपणे करायचे म्हणजे नक्की काय करायचे?

उत्तर : तुमच्या दोन्ही अडचणी मला एकमेकींच्या उलट वाटतात. चालताना तुमचे लक्ष गरजेपेक्षा जास्त काम करते आहे, तर जेवताना त्याला टेकायला जागाच मिळत नाही. त्यामुळे दोन्हींवरचा उपायही वेगळा आहे.

आधी चालण्याविषयी. चालण्याची लय आपण विचार करून सांभाळत नाही. मज्जारज्जू आणि मेंदूचे खोलवरचे भाग ती आपोआप सांभाळतात. टाच नीट उचलली का, पाऊल सरळ पडले का, अशी देखरेख सुरू झाली की त्या आपोआप चालणाऱ्या कामात ढवळाढवळ होते आणि चाल ताठर बनते. म्हणून पाऊल कसे पडावे हे लक्षाने ठरवू नये, ते पडल्यावर तळव्याला जे जाणवते तेवढेच टिपावे. तुमच्याकडून देखरेख होते आहे का, हे तीन खुणांवरून कळते : श्वास किंचित रोखला जातो, पावले आखूड होतात आणि नजर खाली पायांकडे वळते. यांपैकी काहीही दिसले तर नजर समोर न्यावी, श्वास मोकळा सोडावा आणि चाल तिच्या वेगावर सोडून द्यावी.

गोंधळाचे आणखी एक कारण असे की, चालण्याच्या ध्यानाची जी वर्णने वाचायला मिळतात ती बहुधा औपचारिक साधनेची असतात. ब्रह्मदेशातील महासी सयाडो यांच्या परंपरेत एका पावलाचे सहा भागांपर्यंत निरीक्षण केले जाते : टाच उचलणे, पाय वर घेणे, पुढे नेणे, खाली आणणे, टेकवणे आणि दाबणे. ही साधना ठरलेल्या छोट्या वाटेवर, शिबिराच्या शांततेत, अतिशय संथपणे करायची असते. नेहमीच्या चालीत प्रत्येक पाऊल त्याच्या फेऱ्यातील सुमारे 60 टक्के वेळ जमिनीवर आणि 40 टक्के वेळ हवेत असते. वेग फार कमी केला की एका पायावर तोल सांभाळण्याचा काळ वाढतो आणि अंग डुलू लागते. हे डुलणे स्वाभाविक आहे, पण घरातून बाहेर पडताना किंवा जिना चढताना त्याचा काही उपयोग नाही. दैनंदिन सरावात वेग नेहमीचाच ठेवावा.

प्रत्यक्षात मी असे सुचवेन. रोज ज्यावरून जाणे होतेच असा एक छोटा टप्पा निवडा, उदाहरणार्थ एका खोलीतून दुसऱ्या खोलीपर्यंतचा. निघण्यापूर्वी एक श्वास उभे राहा आणि तळव्यांवरचा शरीराचा भार जाणवू द्या. मग नेहमीसारखे चाला आणि फक्त उजव्या तळव्याकडे लक्ष ठेवा. साधारण चालीत मिनिटाला शंभर ते एकशेवीस पावले पडतात, म्हणजे एक पाय सेकंदाला जेमतेम एकदाच टेकतो. तेवढ्या अवधीत एक स्पर्श सहज टिपता येतो, दोन्ही पायांचे बारकावे मात्र हाती लागत नाहीत. दाब आधी टाचेवर येतो, तळव्याच्या बाहेरच्या कडेने पुढे सरकतो, चवड्यावर पसरतो, अंगठ्याशी संपतो आणि नाहीसा होतो. पुढचा स्पर्श होईपर्यंत त्या तळव्यावर दाब नसतो, आणि मन निसटते ते बहुतेक याच फटीतून. निसटल्याचे लक्षात आले की मागची पावले आठवत बसू नका, पुढचे पाऊल येतच असते. टप्पा संपला की सराव संपला. तो ओढून लांबवण्यात मला तरी फायदा दिसलेला नाही.

रस्ता ओलांडताना मात्र लक्ष तळव्याला बांधून ठेवू नये. तिथे सजगता म्हणजे आवाज, वाहने आणि माणसे यांच्याकडे पसरलेले लक्ष. तळवा मागे राहिला तरी चालेल. मधुमेहामुळे किंवा अन्य कारणाने तळव्यांची संवेदना कमी झाली असेल, तर हातांची झुलण्याची हालचाल किंवा मांडीतील स्नायूंचा ताण हा आधार घ्यावा. तळव्याला काही जाणवत नाही हे मन लावून शोधत राहणे निष्फळ असते.

आता जेवण. पहिले दोन-तीन घास लक्षात राहतात, कारण चव नवी असते. एकच पदार्थ खात राहिले की त्याचे सुख काही मिनिटांतच उतरू लागते आणि मन अधिक ताज्या विषयाकडे जाते. यात तुमचा काही दोष नाही. शिवाय हाताची सवयही आड येते : तोंडातला घास चावून होण्याआधीच हात पुढच्या घासाची जुळवाजुळव करू लागतो आणि लक्ष तोंडातून ताटात जाते. म्हणून लक्ष चवीवर टिकवण्याची धडपड करण्यापेक्षा हाताकडे पाहणे अधिक फलदायी ठरते.

घास तोंडात गेला की हात किंवा चमचा खाली टेकवा आणि गिळून होईपर्यंत उचलू नका. चावताना नाकाने श्वास बाहेर सोडला की अन्नाचा वास घशाच्या मागून नाकात पोहोचतो. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग हा वासच असतो, आणि तो श्वासाबरोबर वाढतो-कमी होतो हे टिपता येते. घास मऊ झाला की गिळण्याची उबळ येते. ती प्रत्यक्ष गिळण्याच्या क्षणभर आधी येते, आणि माझ्या मते सगळ्या जेवणात पाहण्यासारखी जागा हीच आहे. गिळण्याची सुरुवात आपल्या हातात असते, त्यानंतरचे काम प्रतिक्षिप्तपणे होते. गिळल्यावर, हात उठण्याआधी जी छोटी उसंत मिळते तिथे आणखी खाण्याची इच्छा आहे की नाही हे विचारावे लागत नाही, ते दिसते.

हे संपूर्ण जेवणभर करू नका. पहिले तीन घास असे घ्या, मग नेहमीसारखे जेवा, मध्यावर एक घास आणि शेवटचा एक घास पुन्हा असाच घ्या. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली सुरू केलेल्या ताणमुक्तीच्या अभ्यासक्रमात एकच बेदाणा कितीतरी वेळ न्याहाळून, हुंगून मग खाण्याचा पाठ असतो. तो लक्ष कसे द्यायचे ते दाखवण्यासाठी आहे, रोज त्या गतीने जेवण्यासाठी नाही. किती वेळा चावले ते मोजू लागलात किंवा ‘किती छान चव आहे’ असे मनात वर्णन सुरू झाले, तर लक्ष आकड्यांकडे व शब्दांकडे गेले असे समजावे. सोबत कोणी बोलत असेल तर त्याचे ऐकावे आणि तो घास सोडून द्यावा.

पूर्वी खाण्याच्या विकाराचा त्रास झाला असेल, तर घासाघासावर असे लक्ष ठेवल्याने जुनी मोजदाद पुन्हा सुरू होऊ शकते. अशा वेळी जेवणाचा सराव उपचार करणाऱ्या व्यक्तीच्या सल्ल्यानेच करावा आणि तोवर चालण्याचा टप्पा पुरेसा मानावा.