महाप्रसादाचा किराणा: सांगली यार्डातून की गावातून?

प्रश्न: गावात ४०० माणसांचा महाप्रसाद आहे. सांगलीच्या मार्केट यार्डातून किराणा आणला तर खरंच स्वस्त पडतो का?

सगळा माल एकाच खेपेत आणला तर पडतो. एकट्या डाळीसाठी टेम्पो करू नका.

आमटीला माणशी ५० ग्रॅम धरली तर २० किलो तूरडाळ लागेल. समजा गावात ती १२२ रुपये किलो आहे आणि यार्डात ११०, पण तिथं ३० किलोचा कट्टाच घ्यावा लागतो. टेम्पोचं भाडं ९०० धरा. तांदूळ, साखर, डाळ मिळून १५० किलो माल असेल तर भाडं किलोला ६ रुपये बसतं, म्हणजे डाळ ११६ ला पडली. माल ६० किलोच असेल तर भाडं १५ वर जातं आणि तीच डाळ १२५ ला पडते. हमाली वेगळी लावतात का, तेही आधीच विचारा.

उरलेल्या १० किलोंचं काय करायचं हे कट्टा घेण्याआधी ठरवा. आमच्याकडे मंडळातलेच दोघंतिघं घरी वाटून घेतात. न फोडलेला कट्टा परत घेणार का, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. फोडलेला सहसा कुणी घेत नाही.

तेलाच्या डब्याचा दर विचारताना मात्र लिटर की किलो हे नक्की बघा. १५ लिटरच्या डब्यात तेल साधारण साडेतेरा किलोच भरतं. फोनवर स्वस्त वाटलेला डबा बरेचदा हाच असतो.