फोन टेकवताना दुकानात कार्डाचा खरा नंबर जातच नाही

प्रश्न: कॉलेज रोडवरच्या दुकानात फोन मशीनला टेकवून १,२४० रुपये दिले. पावतीवर शेवटचे चार अंक माझ्या कार्डाचे नव्हतेच. पूर्वी माझे कार्ड क्लोन झाले होते, म्हणून भीती वाटते. हा काय प्रकार आहे?

पावतीवरचे ते चार अंक टोकनचे आहेत. तुम्ही फोनमध्ये कार्ड जोडले तेव्हा व्हिसा, मास्टरकार्डसारख्या कार्ड नेटवर्कने खऱ्या नंबराऐवजी त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा नंबर तयार करून फोनला दिला, तोच टोकन. गूगल पे अॅपमध्ये कार्डाच्या तपशिलात 'Virtual account number' या नावाने त्याचे शेवटचे अंक दिसतात. ते पावतीशी जुळवून पाहा. या टोकनमागचे खरे कार्ड कोणते, हे नेटवर्क आणि बँक यांनाच ठाऊक असते, दुकानदाराला नाही.

मात्र केवळ नंबर बदलल्याने चोरी थांबली नसती. तुमचे जुने कार्ड क्लोन झाले ते बहुधा चुंबकीय पट्टीमुळे, कारण पट्टीवरची माहिती प्रत्येक वेळी तीच असते आणि एकदा वाचून घेतली की कोऱ्या कार्डावर उतरवता येते. फोनमध्ये टोकनसोबत गुप्त किल्लीही असते आणि ती कधीच मशीनकडे जात नाही. फोन काही सेंटिमीटरवर आला की एनएफसी या जवळच्या अंतरावरच्या बिनतारी तंत्राने दोघांचे संभाषण सुरू होते. मशीन रक्कम आणि त्या क्षणी तयार केलेला यादृच्छिक आकडा पाठवते, फोन त्यात आपला व्यवहार क्रमांक मिसळून किल्लीच्या साहाय्याने एक सांकेतिक उत्तर काढतो आणि टोकनसोबत ते परत देतो.

समजा, तुमचा तो व्यवहार फोनच्या मोजणीत ५७वा होता आणि शेजारी लपवलेल्या यंत्राने सगळे संभाषण टिपले. चोराने तेच उत्तर दुसऱ्या दुकानात वापरले, तर तिथल्या मशीनचा आकडा वेगळा असल्यामुळे उत्तर जुळणार नाही, शिवाय ५७ हा क्रमांक आधीच वापरलेला दिसेल. नुसता टोकन कोऱ्या पट्टीवर उतरवला, तरी योग्य सांकेतिक उत्तराशिवाय नेटवर्क तो नाकारते. नवे उत्तर काढायला किल्ली हवी, आणि ती चोराकडे नाही.

खरा धोका मला दुसरीकडे दिसतो. चोराने तुमच्या कार्डाचा तपशील मिळवून, फोनवर गोड बोलून तुमच्याकडून ओटीपी काढून घेतला, तर तो तुमचे कार्ड स्वतःच्या फोनमध्ये जोडू शकतो. तिथे क्लोनिंग लागतच नाही, कारण टोकन आणि किल्ली दोन्ही त्याला रीतसर मिळतात. त्यामुळे ओटीपीचा संदेश पूर्ण वाचा. तो खरेदीसाठी आहे की कार्ड एखाद्या फोनमध्ये जोडण्यासाठी, हे बहुधा त्यातच लिहिलेले असते. तुम्ही न जोडलेल्या फोनचा संदेश आला, तर लगेच बँकेला कळवून तो टोकन बंद करायला सांगा आणि कार्डही बदलून घ्या, कारण तुमच्या कार्डाचा तपशील चोराकडे आधीच पोहोचलेला असतो. तुमचाच फोन हरवला असेल, तर मात्र टोकन बंद करणे पुरते. कार्ड तेच राहते.