शेजारच्या काकूंना काय लिहावे?

"आमच्या शेजारचे काका अचानक गेले. नोकरीमुळे मी धारवाडला असते, म्हणून काकूंना संदेश लिहिला. पण तो वाचताना गटावर फिरणाऱ्या शोकसंदेशाचीच नक्कल वाटते. दुःख खरे असताना शब्द असे उसने का वाटतात? आणि आता काय लिहू?"

हे विचारणारी तरुणी बेळगावच्या वडगावात, यंत्रमागांच्या गल्लीत वाढलेली. तिच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून हा अनुभव मांडत आहे. तिने लिहिलेला मजकूर असा होता : "आपल्या यजमानांच्या दुःखद निधनाचे वृत्त ऐकून अतीव दुःख झाले. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो व आपणांस हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो. काहीही मदत लागल्यास निःसंकोच कळवावे. भावपूर्ण श्रद्धांजली."

यातले एकही वाक्य खोटे नव्हते. मात्र हा मजकूर गल्लीतल्या कोणत्याही घरी, कोणाच्याही निधनानंतर जसाच्या तसा पाठवता आला असता. ज्या बाईला ती लहानपणापासून काकू म्हणते, तिला "आपणांस" म्हटल्याने उंबरठ्याशी परके कोणी येऊन उभे राहिल्यासारखे झाले होते. शेवटची ओळ तर गेलेल्या माणसाला उद्देशून आहे. ती चौकातल्या फलकावर शोभते, पण हा संदेश वाचणार होत्या काकू.

मी तिला मजकूर बाजूला ठेवायला सांगितले आणि काकांचे नाव घेतल्यावर पहिल्यांदा काय आठवते, एवढेच विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "माग बंद व्हायचा." तिच्या पीयूसीच्या परीक्षेच्या दिवसांत भिंतीपलीकडचा खडखडाट रात्री आठ वाजताच थांबत असे. मजुरी साडीवर मिळत असल्याने लवकर माग थांबवणे म्हणजे पदरचे पैसे सोडणे, हे तिला नंतर कळले. तिच्या आईने संकोचाने विषय काढला, तेव्हा काका म्हणाले होते, "साडी उद्या विणता येईल, तिचा पेपर उद्या व्हायचा नाही."

आता दुसरा मसुदा उत्साहाने आला आणि तिथे नेहमीची चूक झाली. आपण रात्रभर कसे रडलो, हे तिने चार ओळींत लिहिले, म्हणजे सांत्वन काकूंनीच तिचे करायचे! पुढे "वेळीच हुबळीला नेले असते तर" असे अर्धे वाक्य होते. अचानक आलेल्या मृत्यूनंतर घरातला प्रत्येक जण मनातल्या मनात हाच हिशेब मांडत असतो. बाहेरच्याने तो उच्चारला की दोषारोप होतो. "निदान हाल तरी झाले नाहीत" हेही आम्ही काढले, कारण दुःख किती मोठे मानायचे हे काकूंनी ठरवायचे असते. ईश्वराची ओळ मात्र मी राहू द्या म्हटले. त्या घरात रोज पूजा होते आणि तिचीही श्रद्धा आहे. फक्त साऱ्या संदेशाचा भार त्या एका ओळीवर टाकायचा नव्हता.

मदतीचे वाक्य सर्वांत जास्त बदलले. "लागल्यास कळवा" म्हटले की काय लागेल हे ठरवण्याचे आणि मागण्याचे काम, ज्या माणसात तेव्हा तेवढे त्राणच नसते, त्याच्यावर पडते. तिला काय जमेल, हे मी विचारले. तिला कानडी उत्तम येते आणि काकूंच्या घरी कानडी अर्ज भरताना सगळेच अडतात. शेवटी तिने पाठवलेला संदेश असा :

"काकू, काका गेल्याचे आईने काल रात्री सांगितले. माझ्या पीयूसीच्या परीक्षेत काका रात्री आठला माग बंद करायचे. 'साडी उद्या विणता येईल, तिचा पेपर उद्या व्हायचा नाही,' असे ते आईला म्हणाले होते. त्या अभ्यासावरच मी आज नोकरीत आहे. देव त्यांना शांती देवो. मी रविवारी सकाळी घरी येते आणि सोमवारी रजा घेतली आहे. महानगरपालिकेत मृत्यूच्या दाखल्यासाठी दादाबरोबर मी जाईन, कानडी अर्ज मी भरेन. तुम्हाला नको असेल तर नुसती बसून जाईन. उत्तर लिहू नका."

ज्यांच्याकडे अशी आठवण नसते, त्यांनी ती रचू नये. "काकांशी माझे फारसे बोलणे झाले नाही, पण सकाळी दारात दिसायचे" एवढेही पुरते, जर ते खरे असेल.

काकूंचे उत्तर आले नाही आणि आपले काही चुकले का, म्हणून तिने मला पुन्हा फोन केला. उत्तर नको असे आपणच लिहिले असल्याने वाट पाहायची नाही, असे मी तिला सांगितले. रविवारी ठरल्याप्रमाणे जायचे आणि तेराव्यानंतर पाहुणे पांगले की पुन्हा दोन ओळी लिहायच्या, कारण पहिल्या दिवसांत फोन खणखणत असतो आणि त्यानंतर एकदम थांबतो. त्या दोन ओळींत दाखल्याचे काम कुठवर आले आणि पुढच्या रविवारी ती किती वाजता येणार, एवढेच असावे, असे आम्ही ठरवले.