टाकी फुल ते टाकी फुल: मायलेजचा हिशेब

मी कधी टाकी फुल करतो, कधी थोडंच पेट्रोल टाकतो. दर वेळी किलोमीटरला लिटरने भागलं की कधी ३३ येतात, कधी ९. गाडीत बिघाड आहे का?

गाडी बहुधा ठीक आहे, भागाकार चुकतो आहे. पंपावर आज टाकलेलं पेट्रोल आणि मागच्या वेळेपासून जळलेलं पेट्रोल हे दोन आकडे एरवी वेगवेगळे असतात. टाकी मागच्या वेळी फुल केली होती आणि आजही फुल केली, तरच ते सारखे होतात. मधल्या काळात जितकं जळलं नेमकी तितकीच जागा रिकामी झाली, आणि ती आज भरली गेली. अर्धवट भरताना टाकलेले लिटर तुमच्या मर्जीने ठरतात, प्रवासाशी त्यांचा काही संबंध नसतो.

तुमच्या आकड्यांसारखीच एक वही घेऊ:

| ओडोमीटर | लिटर | टाकी |
|---|---|---|
| १२,४०० | ३५ | फुल |
| १२,७३० | १० | अर्धवट |
| १३,०१० | १५ | अर्धवट |
| १३,२४० | २५ | फुल |

ओळीओळीने भागलं तर ३३०/१० म्हणजे ३३, मग २८०/१५ म्हणजे १८.७, आणि शेवटी २३०/२५ म्हणजे ९.२. तिन्ही आकडे निरर्थक आहेत. पहिल्या वेळी जळलं त्यापेक्षा कमी टाकलं, म्हणून ३३ दिसले. ती तूट शेवटी टाकी फुल करताना भरून निघाली, म्हणून ९ दिसले.

खरा हिशेब दोन फुल नोंदींमधला. अंतर १३,२४० वजा १२,४००, म्हणजे ८४० किलोमीटर. या दरम्यान टाकीत गेलेलं पेट्रोल १० + १५ + २५, म्हणजे ५० लिटर. मायलेज १६.८. पहिले ३५ लिटर यात येत नाहीत, कारण ते १२,४०० च्या आधी जळलेल्या पेट्रोलची भरपाई होती. त्या नोंदीचं काम फक्त सुरुवातीची रेघ आखण्याचं.

मग अर्धवट भरल्याच्या नोंदी हिशेबातून काढूनच टाकल्या तर? फक्त फुल टाकीच्या नोंदी धरायच्या असं सगळे सांगतात.

सांगतात ते बरोबर, पण त्याचा अर्थ अनेकजण उलटा घेतात. अर्धवट नोंदीपाशी भागाकार करायचा नाही, इतकंच. तिथे टाकलेले लिटर मात्र पुढच्या फुल नोंदीपर्यंत सोबत न्यावेच लागतात. वरच्या वहीतल्या मधल्या दोन ओळी पुसल्या तर ८४० किलोमीटर फक्त २५ लिटरमध्ये झाले असं दिसेल, म्हणजे ३३.६. गाडी २५ नव्हे, ५० लिटर प्याली होती.

ही चूक घातक आहे ती अशासाठी, की आकडा सुखावणारा येतो आणि कोणी तपासायला जात नाही. हिशेब ॲपमध्ये असेल तर ही वही त्यात भरून पाहा. 'फुल टाकी'ची खूण नसलेल्या ओळींचे लिटर ॲप पुढे नेत असेल तर १६.८ दिसेल. ३३.६ दिसले तर त्या ॲपचा हिशेब चुकीचा आहे.

दोन-तीन फुल टाक्यांची मायलेज मिळाली की त्यांची बेरीज करून सरासरी काढायची ना?

नाही. एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर, एवढंच करायचं.

वरच्या वहीत पुढची ओळ घाला: १३,५६० ला १६ लिटर, टाकी फुल. या टप्प्यात ३२० किलोमीटर १६ लिटरमध्ये झाले, म्हणजे २०. आता १६.८ आणि २० ची साधी सरासरी १८.४ येते. पण १२,४०० पासून गाडी धावली १,१६० किलोमीटर आणि प्याली ६६ लिटर. भागाकार १७.५८. छोट्या टप्प्याला मोठ्या टप्प्याइतकंच वजन दिल्यामुळे १८.४ हा आकडा फुगला.

टप्पे साधारण सारखे असतील तर फरक किरकोळ राहतो. पण साठ किलोमीटरनंतर कुणी टाकी पुन्हा फुल केली की मात्र साध्या सरासरीचा पार बोजवारा उडतो. खाली नोझल आपोआप बंद पडण्याबद्दलच्या उत्तरात ते दिसेल.

हे स्प्रेडशीटमध्ये कसं बसवायचं? पहिली नोंद आणि शेवटच्या अर्धवट नोंदी प्रत्येक वेळी हाताने वगळाव्या लागतात.

हाताने वगळायची गरज नाही. `A` मध्ये ओडोमीटर, `B` मध्ये लिटर आणि `C` मध्ये टाकीची खूण ठेवा. अर्धवट भरली तर `0`, फुल केली तर `1`. तिसरी खूण `2`: टाकी फुल आहे, पण इथपर्यंतचा टप्पा मोजायचा नाही. वहीची पहिली फुल नोंद नेहमी `2`. ती दुसऱ्या ओळीत ठेवा, आणि तिसऱ्या ओळीत ही सूत्रं अनुक्रमे `D3`, `E3` आणि `F3` मध्ये लिहून खाली ओढा:

```
=B3+IF(C2>=1,0,D2)
=IF(C2>=1,A2,E2)
=IF(C3=1,(A3-E3)/D3,"")
```

`D` मागच्या फुल टाकीनंतरचे लिटर साठवत जातो, `E` त्या फुल टाकीचा ओडोमीटर लक्षात ठेवतो, आणि `F` फक्त मोजण्याजोग्या फुल ओळीवर मायलेज दाखवतो. एकूण सरासरी अशी:

```
=(SUMIF(C3:C100,1,A3:A100)-SUMIF(C3:C100,1,E3:E100))/SUMIF(C3:C100,1,D3:D100)
```

वरची वही यात घातली की `F` मध्ये १६.८ आणि २०, आणि खाली १७.५८ यायला हवेत. एवढं जुळलं की मगच स्वतःचे आकडे भरा.

शेवटच्या अर्धवट नोंदींचं आता पाहा. समजा १३,७०० ला १२ लिटर टाकले, पण टाकी फुल केली नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत सरसकट भागणारा १,३०० ला ७८ ने भागेल आणि १६.६७ म्हणेल. त्यातलं थोडं पेट्रोल तर अजून टाकीतच आहे. वरच्या सूत्रात `1` असलेल्याच ओळी मोजल्या जातात, त्यामुळे हे १२ लिटर आणि ते १४० किलोमीटर पुढची टाकी फुल होईपर्यंत थांबून राहतात.

मध्ये एकदा पेट्रोल टाकलं आणि लिहायचं राहिलं. आता काय?

रक्कम आणि त्या दिवशीचा दर सापडला तर लिटर काढा आणि ओळ भरा. ओडोमीटर नसला तरी चालेल, अर्धवट नोंदीचा ओडोमीटर मायलेजमध्ये कुठे लागतच नाही. लिटरचाच पत्ता नसेल तर अंदाजाने आकडा घालू नका. त्यानंतरच्या पहिल्या फुल नोंदीला `2` द्या. तो टप्पा गळेल आणि त्या ओळीपासून हिशेब नव्याने सुरू होईल.

जुन्या वहीत अशी राहून गेलेली नोंद ओळखताही येते. आपल्या उदाहरणातले १५ लिटर लिहायचे राहिले असते तर ८४० भागिले ३५, म्हणजे २४ आले असते. एक टप्पा एकदम वर जातो, पण त्याच्या पुढचा टप्पा नेहमीसारखाच येतो. ही खूण लक्षात ठेवा, कारण टाकी नीट फुल न झाल्याने चढलेला आकडा वेगळा वागतो.

पंपावर नोझल आपोआप बंद पडलं म्हणजे टाकी खरोखर फुल झाली असं धरायचं का?

धरायचं, पण त्यात थोडीफार चूक असते हे जाणून. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. पेट्रोल तिथपर्यंत चढलं आणि भोक बुजलं की आतल्या दाबात फरक पडून झडप बंद होते. पेट्रोल जोरात सोडलं आणि फेस आला, किंवा गाडी उतारावर उभी असली, तर ते आधीच बंद पडू शकतं.

समजा गाडी खरोखर २० ची आहे आणि दर ३२० किलोमीटरला तुम्ही टाकी फुल करता. एकदा नोझल एक लिटर आधी बंद झालं. वहीत १६ ऐवजी १५ लिटर आले आणि मायलेज २१.३ दिसलं. पुढच्या वेळी टाकी नीट भरली, तेव्हा तो राहिलेला लिटरही आत गेला: १७ लिटर, मायलेज १८.८. दोन्ही मिळून ६४० किलोमीटर आणि ३२ लिटर, म्हणजे पुन्हा २०. एक टप्पा वर आणि लगेच पुढचा साधारण तेवढाच खाली, ही अपुऱ्या फुल टाकीची खूण. मधल्या टाक्यांमधल्या चुका अशा एकमेकींना खाऊन टाकतात. एकूण सरासरीत चूक उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या फुल टाकीची, आणि लिटर जितके साठत जातील तितकी तिची किंमत घटते. १६ लिटरमध्ये एक लिटरची चूक म्हणजे सहा टक्के, ६६ लिटरमध्ये दीड.

उलट ६० किलोमीटरनंतर टाकी फुल केली तर त्याच गाडीत ३ लिटर मावायला हवेत. एक लिटर कमी गेला तर मायलेज ३०, एक जास्त गेला तर १५. अशी नोंद वहीतून काढायचं कारण नाही, एकूण बेरजेत ती निमूट बसते. फक्त तिच्या एकट्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

पहिल्यांदा नोझल बंद झालं की थांबा, आणि दर वेळी तिथेच थांबा. शक्य असेल तर पंपही तोच ठेवा. गळ्यापर्यंत भरून अचूकता वाढवायच्या फंदात पडू नका. टाकीत वरची जागा पेट्रोल तापून फुगण्यासाठी ठेवलेली असते, आणि बऱ्याच पेट्रोल गाड्यांत वाफ शोषणारा कोळशाचा डबा असतो, त्यात पेट्रोल शिरलं तर तो खराब होतो.

डॅशबोर्ड १९ दाखवतो, माझी वही १७.५. खरं कोण?

तुलना एकाच टप्प्याची आहे का ते आधी पाहा. टाकी फुल केल्यावर लगेच डॅशबोर्डवरची सरासरी शून्य करा आणि निदान तीन-चार फुल टाक्या होईपर्यंत तिला हात लावू नका. डॅशबोर्ड पेट्रोल मोजत नाही, इंजिनात पेट्रोल सोडणारे इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले त्यावरून ते काढतो, आणि बऱ्याच गाड्यांत हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा चढाच येतो. लिटरच्या बाबतीत मी पंपाच्या मीटरवरचा आकडा प्रमाण मानेन. अंतर मात्र दोघेही चाकांच्या फेऱ्यांवरूनच घेतात. त्यामुळे टायरचा आकार बदलला असेल तर वही आणि डॅशबोर्ड दोन्ही एकाच दिशेने चुकतील, आणि ते त्यांच्यातल्या फरकावरून कळणार नाही.