एकाच बोअरच्या दोन बाटल्या, क्लोराइडची दोन उत्तरं

प्रश्न: एकाच बोअरचं पाणी दोन बाटल्यांत होतं. एकीत धातूंच्या तपासणीसाठी नायट्रिक आम्ल घातलं होतं, दुसरी साधी. क्रोमेट घालून क्लोराइड मोजलं तर साध्या बाटलीला १८.४ मिली सिल्व्हर नायट्रेट लागलं, आम्लाच्या बाटलीला जवळपास ३९. नायट्रिकमध्ये तर क्लोराइड नसतं, मग हे वाढलं कुठून?

उत्तर: क्लोराइड वाढलंच नाही, तुमचा दर्शक आंधळा झाला. पाण्याच्या लॅबमध्ये मी हीच चूक केली आहे, आणि तीही ब्युरेट दुसऱ्यांदा भरून.

या पद्धतीत सिल्व्हर आधी क्लोराइडला धरतं आणि पांढरा साका पडतो. क्लोराइड संपत आलं की उरलेलं सिल्व्हर क्रोमेटकडे वळतं आणि पिवळ्यात विटकरी झाक येते. पण ही झाक नेमकी केव्हा येणार, हे द्रावणात मोकळं क्रोमेट किती आहे त्यावर ठरतं. ५० मिली पाण्यात ५ टक्क्यांचं पोटॅशियम क्रोमेट १ मिली घातलं की पीएच ८ ला जवळपास सगळं क्रोमेट मोकळं असतं. मग क्लोराइड संपल्यावर सिल्व्हरचा अगदी किंचित जादा अंश पुरतो.

आम्लात क्रोमेट हायड्रोजनला धरतं आणि हायड्रोजन क्रोमेट होतं, थोडं डायक्रोमेटही. ही रूपं सिल्व्हरबरोबर तसा लाल साका देत नाहीत. साडेसहाच्या आसपास अर्धं क्रोमेट असं अडकतं आणि पीएच एकाने उतरला की मोकळं क्रोमेट साधारण दहा पटींनी घटतं. ते घटलं की झाक यायला जास्त सिल्व्हर ओतावं लागतं, आणि ते सगळं तुम्ही क्लोराइडच्या खात्यात मांडता.

तुमच्याच पाण्यावर हिशेब करू. सिल्व्हर नायट्रेट ०.०१४१ नॉर्मल धरतो, म्हणजे १ मिलीला ०.५ मिलिग्रॅम क्लोराइड. क्लोराइड नसलेल्या पाण्याचं कोरं रीडिंग ०.२ मिली धरलं तर १८.४ मधून राहतात १८.२ मिली, आणि ५० मिली नमुन्याला उत्तर येतं लिटरला १८२ मिलिग्रॅम. विद्राव्यता गुणाकार घालून पाहिलं तर पीएच ४ ला साधारण दीड मिली जादा लागतं, म्हणजे १५ मिलिग्रॅमची चूक. पीएच ३ ला ५ मिली. पीएच २ ला २० मिलीच्या आसपास! तुमचे जादा २० मिली इथेच गेले. पिण्याच्या पाण्याची स्वीकार्य मर्यादा २५० मिलिग्रॅम आहे. तुमचं चांगलं पाणी आम्लाच्या बाटलीतून ३८० च्या पुढे जाऊन नापास झालं असतं.

हे ओळखायला मीटरही लागत नाही. क्रोमेट घातल्याबरोबर रंग बघा. लिंबासारखा पिवळा आला तर ठीक, नारिंगीकडे झुकला तर तिथेच थांबा.

उपाय म्हणजे आम्लाच्या नमुन्यात चिमटी-चिमटीने खायचा सोडा घालायचा. फसफस थांबेपर्यंत ढवळायचं आणि पीएच पेपरने ७ च्या वर आला का ते बघायचं. सोडा मुद्दाम सांगतोय, कारण तो थोडा जास्त पडला तरी पीएच सव्वाआठच्या फार वर जात नाही. कॉस्टिकचा एक थेंब जास्त पडला की मात्र तुम्ही दुसऱ्या टोकाला जाता. तेवढाच सोडा कोऱ्या पाण्यातही घालून कोरं रीडिंग घ्या, कारण सोड्यातही थोडं क्लोराइड असू शकतं. त्याहून सोपं म्हणजे क्लोराइड साध्या बाटलीतूनच करा.

दुसऱ्या टोकाला, १० च्या वर, सिल्व्हर हायड्रॉक्साइडला धरून तपकिरी-काळं ऑक्साइड होतं. ब्युरेटचा थेंब पडतो तिथे सिल्व्हर क्षणभर दाट असतं, म्हणून काळपट डाग आधी तिथेच दिसतो. कार्बोनेट भरपूर असेल तर तेही सिल्व्हर खातं. इथेही उत्तर जास्तच येतं. पाणी असं अल्कलीचं असेल तर फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग जेमतेम जाईपर्यंत सौम्य गंधकाम्ल घाला. हायड्रोक्लोरिक नको, त्यात क्लोराइडच असतं. हसू नका, बाटली हाताशी असते म्हणून लोक तेच ओततात.

सांडपाणी असेल तर मात्र ७ ते १० ही मर्यादाही सैल पडते. अमोनियम क्षार असले की पीएच वाढताच मोकळा अमोनिया होतो, तो सिल्व्हरला विरघळवून ठेवतो आणि विटकरी झाक यायचा क्षण पुढे ढकलतो. तिथे ६.५ ते ७.२ च्या मध्येच टायट्रेशन करावं लागतं. तुमच्या बोअरला ही भानगड बहुधा नसावी. आम्लाच्या बाटलीत पाणी उरलं असेल तर सोडा घालून पुन्हा करून बघा, साध्या बाटलीच्या आकड्याशी जुळायला हवं.