म्हापशाच्या जुन्या बाजारावर प्रकल्प: सुरुवात कुठून?

प्रश्न: म्हापशाच्या बाजारावर स्थानिक इतिहासाचा प्रकल्प करायचाय. आधी पुराभिलेख, मुलाखती की प्रत्यक्ष भेट?

आधी बाजारात जा, तेही शुक्रवारी, आणि कुठल्या ओळीत काय विकतात त्याचा हाताने नकाशा काढा. तो पुढ्यात ठेवला की म्हाताऱ्या विक्रेत्या बोट ठेवून सांगतात, ‘हांगा आमी बसताली.’ साल विचारू नका, कोणालाच आठवत नाही. त्यापेक्षा गोवामुक्तीच्या आधी की नंतर, एस्कुदो हे पोर्तुगीज चलन चालायचं तेव्हा का, असं विचारा. एस्कुदो १९५९ च्या सुमारास आला, १९६१ नंतर गेला. पणजीच्या पुराभिलेखात शेवटी जा, नेमके प्रश्न घेऊन, कारण जुने कागद पोर्तुगीजमध्ये आहेत. मात्र भाड्याच्या नोंदींत दुकानदारच सापडतील. सोपो, म्हणजे बाजारात बसण्याचा कर, भरून जमिनीवर बसणाऱ्या बायकांसाठी मुलाखतींवरच भिस्त ठेवावी लागेल.