ठरवलेले तास, झालेले तास आणि लाल ओळी

प्रश्न : सर, मी नाशिकला खासगी नोकरी करते आणि गट-ब संयुक्त पूर्व परीक्षेची तयारी करते आहे. परीक्षेला नऊ आठवडे उरलेत. गुगल शीटमध्ये प्रत्येक घटकासमोर ठरवलेले तास आणि झालेले तास लिहिते. तीन आठवड्यांत ६० तास ठरवले होते, ५० झाले. ठरवलेल्यापेक्षा जास्त तास लागले की ओळ लाल होते, नाहीतर हिरवी. बऱ्याच ओळी लाल दिसतात, काही हिरव्या. दर रविवारी हे बघून खचायला होतं. शीट सोबत पाठवते आहे. हे लिहिणं बंद करून तो वेळ अभ्यासालाच द्यावा का?
— एक परीक्षार्थी

उत्तर :

लिहिणं बंद करू नका. पण शीटची रचना बदलावी लागेल, कारण आत्ता तिच्यातले लाल-हिरवे रंग तुम्हाला चुकीचं सांगत आहेत.

आधी एक तांत्रिक गोष्ट. दीड तास अभ्यास झाला की तुम्ही १.३० लिहिता आणि पावणेतीन तासांसाठी २.४५. माणसाला ते कळतं. शीट मात्र १.३० म्हणजे एक तास अठरा मिनिटं असं धरते, त्यामुळे अशा प्रत्येक नोंदीत बारा-अठरा मिनिटं हरवतात. तास-मिनिटांचा फॉरमॅट लावला तर वेगळीच अडचण येते : बेरीज चोवीस तासांपुढे गेली की साध्या फॉरमॅटमध्ये पुन्हा शून्यापासून दिसायला लागते. म्हणून रोजची नोंद सरळ मिनिटांत करा, दीड तास म्हणजे 90. तासांत रूपांतर सूत्राला करू द्या. तुमच्या नोंदी अशा दुरुस्त करूनच मी पुढचे आकडे काढले आहेत.

दोन पानं ठेवा. 'नोंद' या पानावर रोज बसाल तेव्हाची एकेक ओळ : तारीख, घटक, कामाचा प्रकार, मिनिटं. 'योजना' या पानावर प्रत्येक घटकाच्या तीन ओळी असतील, एक वाचनाची, एक प्रश्नांची आणि एक उजळणीची. A रकान्यात घटक, B मध्ये प्रकार, C मध्ये ठरवलेले तास, D मध्ये झालेले तास, E मध्ये अजून लागतील असे वाटणारे तास आणि F मध्ये स्थिती. D हाताने भरायचा नाही :

```
=SUMIFS('नोंद'!D:D,'नोंद'!B:B,A2,'नोंद'!C:C,B2)/60
```

हे सूत्र नाव अक्षरन् अक्षर जुळलं तरच बेरीज करतं. तुमच्याकडे एका पानावर 'पंचायतराज' आहे आणि दुसऱ्यावर 'पंचायत राज', म्हणून हे सूत्र लावलं की तिथे शून्य येईल. घटक आणि प्रकार टाइप न करता ड्रॉपडाउनमधून निवडा. 'नोंद' मधल्या एकूण मिनिटांना ६० ने भागून येणारा आकडा D रकान्याच्या बेरजेशी जुळतो का, हे रविवारी एकदा बघा. जुळत नसेल तर कुठेतरी नाव चुकलंय.

आता तुमच्या तीन आठवड्यांकडे येऊ. तुमचं मन खचतंय ते ६० विरुद्ध ५० या फरकामुळे. माझ्या मते तो या शीटमधला किरकोळ भाग आहे. तुम्ही बसलात ५० तास, पण जे काम पूर्ण झालं त्याला योजनेत तुम्ही किती तास दिले होते? फक्त ३१. या ३१ तासांच्या कामाला प्रत्यक्षात ४५ तास लागले. उरलेले ५ तास प्राकृतिक भूगोलावर गेले आणि तो घटक अजून अर्धवट आहे. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत. एक, आठवड्याला २० तास मिळतील असं धरलं होतं, मिळाले साधारण साडेसोळा. दोन, काम अंदाजापेक्षा मोठं निघालं. पहिल्याचा उपाय वेळापत्रकात आहे, दुसऱ्याचा अंदाजात. दोन्ही एकत्र मिसळल्यामुळे सगळा दोष आपल्या आळसाचा आहे असं तुम्हाला वाटतंय.

कामाच्या प्रकारानुसार बघितलं की चित्र आणखी स्पष्ट होतं. वाचनात मूलभूत हक्क, संसद, पंचायतराज आणि महाराष्ट्रातील समाजसुधारक हे चार घटक पूर्ण झाले. त्यांना १८ तास ठरवले होते, २० लागले. वाचनाचा तुमचा अंदाज उत्तम आहे. प्रश्न सोडवण्याला मात्र १२ तास ठरवले होते आणि २४ लागले, बरोबर दुप्पट. त्यातही शेकडेवारी व नफा-तोटा ४ तासांवरून ९ वर गेलं आणि काळ-काम-वेग ४ वरून साडेआठवर. उजळणीला ६ तास दिले होते, झाला १. दर वेळी प्रश्नांचं काम लांबलं की उजळणीचा तास त्यात गेला, हे तारखा पाहिल्या की दिसतं.

हिरव्या ओळींवर विश्वास ठेवू नका. भूगोलासमोर ठरवलेले ८, झालेले ५ आहेत आणि ओळ हिरवी आहे, जणू तीन तास वाचले! तो घटक संपलेलाच नाही. अजून सहा तास लागतील असं तुम्हीच शेरा म्हणून लिहिलंय. म्हणजे एकूण ११. यासाठीच E रकाना हवा आणि तो हाताने भरायचा : दर रविवारी अर्धवट घटकासमोर 'आज पुन्हा सुरू केला तर अजून किती' एवढंच विचारायचं. ठरवलेल्यातून झालेले वजा करून तो भरू नका, नाहीतर जुना अंदाजच पुन्हा लिहिला जाईल.

तुमचं स्वतःचं गुणोत्तर, म्हणजे झालेले तास भागिले ठरवलेले तास, मात्र F मध्ये 'पूर्ण' असलेल्या ओळींवरूनच काढा. सूत्र तिसऱ्या कोऱ्या पानावर ठेवा :

```
=SUMIFS('योजना'!D:D,'योजना'!B:B,"वाचन",'योजना'!F:F,"पूर्ण")
/SUMIFS('योजना'!C:C,'योजना'!B:B,"वाचन",'योजना'!F:F,"पूर्ण")
```

यात आधी बेरजा आणि मग भागाकार आहे. प्रत्येक ओळीचं गुणोत्तर काढून त्यांची सरासरी घेतली, तर अर्ध्या तासाच्या एखाद्या घटकाला एक तास लागला एवढ्यानेच ती सरासरी फुगते. "वाचन" च्या जागी "प्रश्न" घातलं की दुसरं गुणोत्तर मिळतं. तुमचं वाचनाचं येतं १.१ आणि प्रश्नांचं २. उजळणीची एकच ओळ पूर्ण आहे, तिच्यावरून काहीच ठरवता येत नाही. तो अंदाज आहे तसाच राहू द्या.

आता पुढचे नऊ आठवडे मांडू. मागे राहिलेलं धरून तुमच्या योजनेत वाचनाचे ६०, प्रश्नांचे ४० आणि उजळणीचे ३० तास बाकी आहेत. एकूण १३०. नऊ आठवडे गुणिले २० म्हणजे १८० तास हाताशी, असं तुम्ही धरलंय, म्हणून योजना आरामशीर वाटते. खऱ्या गुणोत्तराने वाचन ६६, प्रश्न ८०, उजळणी ३० आणि भूगोलाचे ते ६ मिळून १८२ होतात. हातात येतील साधारण १५०. ३२ तासांची तूट आहे आणि ती आज, नऊ आठवडे आधी दिसते आहे. शीट नसती तर शेवटच्या पंधरवड्यात कळली असती, आणि तेव्हा उजळणीवरच कुऱ्हाड पडली असती.

असा चुकीचा अंदाज करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात ५५ लागले. माणूस काम डोळ्यांसमोर आणतो ते अडथळ्यांविना, आणि मागच्या कामाला किती वेळ लागला होता याकडे बघत नाही. तुमच्याकडे मागची नोंद आहे, ती वापरायची एवढंच.

प्रश्नांना दुप्पट वेळ का लागला, हे तुमच्या शेऱ्यांतच आहे. गणिताच्या दोन घटकांच्या साडेसतरा तासांपैकी सुमारे सात तास व्हिडिओ बघून संकल्पना समजून घेण्यात गेले. गणितासाठी तुम्ही 'वाचन' ही ओळच ठेवली नव्हती. थेट प्रश्न लिहिले आणि शिकण्याचा वेळ त्यात घुसला. पुढच्या घटकांना संकल्पनेची वेगळी ओळ द्या. त्याने एकूण वेळ कमी होणार नाही, पण खरंच सराव लांबतोय की पायाच शिकायचा राहिलाय हे कळेल. शेकडेवारी पक्की झाल्यावर सरळव्याजाला कमी वेळ लागेल अशी आशा आहे, तरी आणखी दोन घटक पूर्ण होईपर्यंत २ हेच गुणोत्तर धरा.

सराव लांबण्याचं दुसरं कारण म्हणजे थांबायचं कधी हे ठरलेलं नाही. पूर्व परीक्षेत ६० मिनिटांत १०० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद, आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण जातो. मग सरावही त्याच मापाने करा : मागच्या प्रश्नपत्रिकांतले २५ प्रश्न १५ मिनिटांत, त्यानंतर अर्धा तास चुका तपासायला. २५ पैकी १८ किंवा जास्त बरोबर आले की त्या घटकासमोर 'पूर्ण' लिहा. शीटमध्ये बरोबर आलेल्या प्रश्नांचा एक रकाना वाढवा, कारण किती वेळ बसलात हे तासांवरून कळतं, काय आलं ते कळत नाही. सात तास देऊनही आकडा दहा-अकराच्या पुढे सरकत नसेल, तर आणखी तास ओतण्याआधी शिकण्याची पद्धत बदला.

तूट भरायला उजळणीला हात लावू नका. इतिहासासाठी तुम्ही दोन पुस्तकं धरली आहेत. दुसऱ्याला १४ तास दिलेत, गुणोत्तराने १५ होतात. ते काढून टाका. राहिले १७. सरावाच्या नव्या मर्यादेने त्यातले किती वाचतात हे दोन आठवड्यांत दिसेल. वाचले नाहीत, तर मागच्या चार-पाच प्रश्नपत्रिका घेऊन उरलेल्या घटकांवर किती प्रश्न आले ते स्वतः मोजा आणि ज्याला तास जास्त पण प्रश्न कमी, तो सोडा. शुक्रवारी तिन्ही आठवड्यांत तुमचा अभ्यास जवळपास झालेलाच नाही. शुक्रवारसमोर शून्य लिहा. तिथे दोन तास मांडून काही मिळत नाही, फक्त आठवड्याचे तास कागदावर वाढतात.

एक शेवटची सूचना नोंदीच्या वेळेबद्दल. दुसऱ्या आठवड्यात पाच दिवस प्रत्येक नोंद बरोबर दोन तासांची आहे, योजनेइतकीच. ती बहुधा रविवारी आठवून भरली असावी. आठवून लिहिताना आकडे योजनेकडे ओढले जातात आणि गुणोत्तर खोटं सुंदर दिसतं. फोन हाताशी असतोच. बसताना वेळ टिपा, उठल्यावर मिनिटं लिहा. कामाला अर्धं मिनिट लागतं. गुणोत्तर मात्र रोज बघू नका. रविवारी वीस मिनिटं पुरेत : E भरा, बेरीज जुळवा आणि पुढच्या आठवड्याला साडेसोळा तासांचंच काम लावा.